रोस्टरच्या स्क्रीनशॉटवरून ओव्हरटाइम कसा काढायचा?

शनिवारी संध्याकाळी कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढच्या आठवड्याचा रोस्टर येऊन पडतो. उभ्या रकान्यांत तारखा, आडव्या ओळींत नावं आणि चौकटींत A, B, C अशी अक्षरं. कुठे ‘WO’ म्हणजे साप्ताहिक सुट्टी, कुठे ‘PL’ म्हणजे पगारी रजा, तर कुठे ‘A+2’ म्हणजे पहिल्या पाळीनंतर दोन तास थांबायचं. चित्रात तास लिहिलेले नसतात, मग रुपये कुठून असणार? महिनाअखेरीला मात्र पगारपत्रकावर ओव्हरटाइमचा एकच आकडा येतो आणि तो बरोबर की चूक हे कळायला दुसरा मार्ग नसतो. अक्षरापासून रुपयापर्यंतचा हिशोब स्वतः करायचा, एवढंच हातात राहतं.

हा हिशोब अवघड नाही, पण त्यात दोन-तीन वळणं अशी आहेत की तिथे हमखास चूक होते. ती दिसावीत म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला चाळीसएक कामगारांचा कारखाना आहे आणि रोस्टर ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्याचा आहे. त्या वेळी अशा कारखान्याला कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यामुळे काय बदलतं ते पुढे पाहू. रीत तीच राहते, काही आकडे बदलतात.

चित्रातून तक्ता

पहिलं काम म्हणजे चित्रातली अक्षरं एक्सेलमध्ये किंवा वहीत उतरवणं. एक्सेलमध्ये `Data > From Picture` ही सोय आहे आणि मोबाइलवर गूगल लेन्सने फोटोतला मजकूर कॉपी करता येतो. पण व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं. तो पुसट झाला की यंत्र B ला 8 वाचतं, ‘C+1’ मधल्या एकाला इंग्रजी l समजतं. याहून वाईट चूक रिकाम्या चौकटीची. रिकामी चौकट यंत्राने गाळली की तिच्या पुढची सगळी अक्षरं एकेक घर डावीकडे सरकतात. गुरुवारची पाळी बुधवारी जाऊन बसते आणि ओळ वरवर पाहता ठीकच दिसते. रंगाचंही तसंच आहे. काही सुपरवायझर जादा तासांच्या चौकटी पिवळ्या करतात आणि अक्षर मात्र साधं ‘A’ ठेवतात. मजकूर उचलताना तो पिवळा रंग मागेच राहतो.

म्हणून शक्य असेल तर मूळ फाइल किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेला फोटो मागावा. ते जमलं नाही, तरी उतरवलेलं बरोबर आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती रोस्टरमध्येच असते. बहुतेक रोस्टरच्या तळाशी रोज प्रत्येक पाळीला किती माणसं आहेत त्याची बेरीज दिलेली असते. आपल्या तक्त्यातले मंगळवारचे सगळे A मोजायचे आणि तळाच्या आकड्याशी ताडून पाहायचे. एखादी ओळ सरकली असेल तर एका दिवसाची बेरीज कमी येते आणि शेजारच्या दिवसाची जास्त. ही जोडी दिसली की चूक कुठे आहे ते लगेच सापडतं. बेरीज दिलेली नसेल, तर प्रत्येक ओळीत आठवड्याला निदान एक WO आहे का एवढं तरी पाहावं.

आपल्या उदाहरणातल्या तीन ओळी अशा आहेत. स्क्रीनशॉट सोमवार ४ ऑगस्टपासून रविवार १० ऑगस्टपर्यंतचा आहे. तक्त्यातला पहिला रकाना, म्हणजे रविवार ३ ऑगस्ट, आधीच्या आठवड्याच्या स्क्रीनशॉटमधून आणला आहे. तो का लागतो, ते पुढे येईलच.

| | रवि ३ | सोम ४ | मंगळ ५ | बुध ६ | गुरु ७ | शुक्र ८ | शनि ९ | रवि १० |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| ऑपरेटर | WO | A | A+2 | A | A+2 | A | A | WO |
| पॅकर | WO | A | A+B | PL | A | A | A | WO |
| हेल्पर | A | B | B | WO | C+1 | C+1 | C+1 | WO |

अक्षराचे तास

पाळ्यांच्या वेळा रोस्टरवर नसल्या तरी कारखान्यात कामाच्या वेळांची सूचना लावलेली असते. ती लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्या कारखान्यात A म्हणजे सकाळी ६:३० ते दुपारी ३, B म्हणजे दुपारी २:३० ते रात्री ११ आणि C म्हणजे रात्री १०:३० ते सकाळी ७. प्रत्येक पाळी साडेआठ तासांची आहे आणि मध्ये अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी आहे. म्हणजे निव्वळ काम ८ तास. सुट्टीचा वेळ वजा होतो तो कामगार त्या वेळेत खरोखर मोकळा असेल तरच. डबा खाताखाता मशिनवर लक्ष ठेवावं लागत असेल, तर तो वेळ कामाचाच.

रात्रपाळीत वजाबाकी फसते, कारण सकाळचे ७ हे रात्रीच्या १०:३० पेक्षा लहान आहेत. एक्सेलमध्ये सुरुवातीची वेळ B2 मध्ये, शेवटची C2 मध्ये आणि सुट्टी D2 मध्ये (अर्धा तास म्हणजे 0.5) लिहिली, तर मध्यरात्र ओलांडली तरी हे सूत्र बरोबर उत्तर देतं:

```
=MOD(C2-B2,1)*24-D2
```

मध्यरात्रीनंतरचे तास कोणत्या दिवसाचे, हा प्रश्नही इथेच येतो. कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली, तर नंतरचे तास आदल्या दिवशीच मोजायचे. गुरुवारी रात्री १०:३० ला लागलेली C पाळी शुक्रवारी सकाळी संपली, तरी ती सगळी गुरुवारची. बारा वाजता ती कापून दीड तास गुरुवारला आणि उरलेले शुक्रवारला दिले, तर दोन्ही दिवसांचा हिशोब बिघडतो.

आता पॅकरच्या मंगळवारच्या ‘A+B’ कडे पाहा. आठ आणि आठ सोळा, असं कुणीही म्हणेल. पण A संपते ३ वाजता आणि B लागते अडीचला. दोन पाळ्यांचा अर्धा तास एकमेकांवर चढलेला आहे आणि एकच माणूस तो दोनदा भरू शकत नाही. ६:३० ते रात्री ११ म्हणजे साडेसोळा तास, त्यातून जेवणाच्या दोन सुट्ट्यांचा एक तास वजा केला की उरतात १५.५ तास. म्हणून जोडपाळीला अक्षरांचे तास बेरजेला घेऊ नयेत, घड्याळाची पहिली आणि शेवटची वेळ घ्यावी. एवढा लांब दिवस कायद्याच्या मर्यादेत बसतच नाही, पण मर्यादा मोडली म्हणून केलेल्या कामाचे पैसे बुडत नाहीत.

आठवडा कधी सुरू होतो?

रोस्टर सोमवारी सुरू होतो म्हणून हिशोबाचा आठवडाही सोमवारीच सुरू होतो, असं आपण गृहीत धरतो. कारखाने अधिनियमात आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होतो, म्हणजे रविवार ते शनिवार. (मुख्य निरीक्षकाने एखाद्या भागासाठी दुसरी रात्र मंजूर केली असेल, तर ती.) ज्यांची सुट्टी दर रविवारी असते त्यांना याचा काही फरक पडत नाही. ज्यांची सुट्टी फिरती असते, त्यांचं पूर्ण उत्तरच यावर ठरतं.

हेल्परची ओळ घ्या. स्क्रीनशॉट जसा दिसतो तसा, सोमवार ते रविवार मोजला, तर ८, ८, सुट्टी, ९, ९, ९ आणि पुन्हा सुट्टी, असे एकूण ४३ तास होतात. ओव्हरटाइम शून्य. पण रविवार ३ ऑगस्टला त्याने पहिली पाळी केली होती आणि त्याबदल्यात बुधवारी सुट्टी घेतली. रविवार ते शनिवार मोजलं की तेच तास ५१ होतात. म्हणून मागच्या आठवड्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमधून पुसू नये. त्यातला शेवटचा रकाना या आठवड्याचा पहिला दिवस असतो.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. रविवारच्या कामाची बदली सुट्टी त्या रविवारच्या *आधीच्या* तीन दिवसांत दिली असेल, तर कलम ५२ प्रमाणे तो रविवार मागच्या आठवड्यात धरायचा. हेल्परची सुट्टी नंतर, बुधवारी आली, म्हणून त्याचा रविवार याच आठवड्यात राहिला.

नऊ आणि अठ्ठेचाळीस

कलम ५९ म्हणतं की कोणत्याही दिवशी ९ तासांपेक्षा किंवा कोणत्याही आठवड्यात ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं, तर त्या जादा कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट पैसे द्यायचे. या दोन मर्यादा एकत्र कशा लावायच्या, यावरच कामगार आणि टाइम ऑफिस यांची सगळ्यात जास्त वादावादी होते.

ऑपरेटरचं उदाहरण घेऊ. त्याचे तास ८, १०, ८, १०, ८, ८, एकूण ५२. दिवसाच्या मर्यादेने पाहिलं तर दोन दिवस एकेक तास जादा, म्हणजे २. आठवड्याच्या मर्यादेने पाहिलं तर ५२ वजा ४८, म्हणजे ४. मग ओव्हरटाइम २, ४ की ६?

सहा असू शकत नाही, कारण मंगळवारचा दहावा तास दिवसाच्या हिशोबात एकदा येतो आणि ५२ च्या बेरजेत पुन्हा येतो. एका तासाचे दुप्पट पैसे दोनदा मिळत नाहीत. म्हणून आधी दिवसाचे जादा तास बाजूला काढायचे. ऑपरेटरचे असे २ तास निघाले आणि मागे ५० उरले. त्या ५० पैकी ४८ च्या वरचे २ आता आठवड्याच्या मर्यादेने जादा ठरले. दोन आणि दोन मिळून ४.

हा हिशोब कोणत्याही ओळीसाठी करून पाहिला, तरी उत्तर नेहमी एकाच जागी येतं. दिवसावरून काढलेले जादा तास आणि आठवड्यावरून काढलेले जादा तास, या दोहोंपैकी जे मोठे, तोच ओव्हरटाइम. तक्त्यात रविवार ते शनिवारचे तास B2 ते H2 मध्ये, सुट्टीच्या आणि रजेच्या जागी 0, दिवसाची मर्यादा L1 मध्ये आणि आठवड्याची L2 मध्ये ठेवली, तर एका ओळीचं काम या सूत्रात होतं:

```
=MAX(SUMPRODUCT((B2:H2>$L$1)*(B2:H2-$L$1)),
     SUM(B2:H2)-$L$2)
```

पॅकरच्या ओळीत पारडं उलट बाजूला झुकतं. त्याचे तास ८, १५.५, रजा, ८, ८, ८, एकूण ४७.५. अठ्ठेचाळीसच्या आत असल्यामुळे ‘आठवडा भरलाच नाही, ओव्हरटाइम कसला?’ असं उत्तर त्याला मिळण्याची शक्यता मोठी आहे. पण मंगळवारचा दिवस एकटाच नऊच्या पुढे ६.५ तास गेला आहे आणि बुधवारी रजा घेतली म्हणून तो लहान होत नाही. त्याचा ओव्हरटाइम ६.५ तास. उलट बाजूने, रजेचे ८ तास कामाच्या बेरजेत धरून ५५.५ करणंही चूक आहे. रजेचा पगार मिळतो, पण रजा म्हणजे केलेलं काम नव्हे.

मंगळवारचा नववा तास मात्र मध्येच लोंबकळतो. रोजचं काम आठ तासांचं आहे आणि दुपटीचा दर नऊनंतर लागतो. त्या एका तासाचं काय, हे नेमणुकीच्या अटी किंवा युनियनचा करार ठरवतो. बऱ्याच ठिकाणी तो साध्या, म्हणजे ‘सिंगल’ दराने देतात. खालच्या हिशोबात तो धरलेला नाही.

हेल्परचा एकही दिवस नऊच्या पुढे गेलेला नाही, म्हणून दिवसावरून शून्य. आठवड्यावरून ५१ वजा ४८, म्हणजे ३. त्याचा ओव्हरटाइम ३ तास.

रोस्टरमध्ये सुपरवायझरचीही ओळ असते. देखरेखीच्या किंवा व्यवस्थापनाच्या पदावरच्या माणसांना या तरतुदी तशाच लागू होत नाहीत. त्यामुळे त्या ओळीचा ओव्हरटाइम या सूत्राने काढू नये.

तासाचा दर

कलम ५९ मधला ‘नेहमीचा दर’ म्हणजे बेसिक अधिक कामगाराला देय असलेले भत्ते. बोनस आणि खुद्द ओव्हरटाइम त्यातून वगळायचा. नुसत्या बेसिकवर दुप्पट काढली तर रक्कम घसरते, म्हणून आधी पगारपत्रकावरची भत्त्यांची ओळ पाहावी. महिन्याच्या रकमेवरून तासाचा दर काढताना २६ दिवस आणि ८ तास, म्हणजे २०८ ने भागायची पद्धत आहे, कारण महिन्यातले चार रविवार कामाचे नसतात. कुणी ३० दिवस धरून २४० ने भागलं, तर प्रत्येक तासाचा दर सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो.

समजा, ऑपरेटरचं बेसिक आणि भत्ते मिळून २०,८०० रुपये आहेत. २०८ ने भागले की तासाचा दर १०० रुपये आणि दुप्पट २०० रुपये. चार तासांचे ८०० रुपये. पॅकरचे १८,७२० रुपये, तासाला ९०, दुप्पट १८०, साडेसहा तासांचे १,१७० रुपये. हेल्परचे १७,६८० रुपये, तासाला ८५, दुप्पट १७०, तीन तासांचे ५१० रुपये. गुणाकार करताना साडेसहा तास ६.५ असे लिहायचे. घड्याळाच्या सवयीने ६.३० लिहिलं, तर एक्सेल ते सहा पूर्णांक तीन दशांश समजतं आणि पॅकरचे ३६ रुपये गळतात.

संहितांनंतर काय बदललं?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली आणि कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. या संहितेने कामाचा दिवस ८ तासांचा ठरवला आहे. ओव्हरटाइमचा दर दुप्पटच ठेवला आहे. तो किती तासांनंतर लागायचा हे सरकारच्या नियमांवर सोपवलं आहे. दिवसावरून आणि आठवड्यावरून काढलेल्या तासांपैकी जे कामगाराच्या फायद्याचे तेच धरावेत, हे या संहितेत स्पष्ट शब्दांत आहे. आपण वर जो ‘मोठा आकडा’ काढला, तोच हा नियम.

म्हणूनच सूत्रात ९ आणि ४८ थेट न लिहिता वेगळ्या चौकटींत ठेवले. L1 मध्ये ९ च्या जागी ८ घालून पाहिलं, तर ऑपरेटरचे ४ आणि हेल्परचे ३ तास तसेच राहतात. पॅकरचे मात्र साडेसहाचे साडेसात होतात. लोंबकळणारा नववा तास दुपटीत येतो. संहितांमध्ये वेतनाची व्याख्याही बदलली आहे, त्यामुळे नव्या महिन्यांसाठी तासाचा दर जुन्या पगारपत्रकावरून उचलू नये.

रोस्टर आणि हजेरी

इथवरचा हिशोब रोस्टरचा झाला. रोस्टर ही आखणी असते आणि पैसे मिळतात ते हजेरीवर. बुधवारी कुणी आलं नाही म्हणून दुसऱ्याला थांबवलं, दोघांनी आपसांत पाळी बदलली, सुपरवायझरने दुरुस्त रोस्टर पुन्हा टाकला, तर पहिला स्क्रीनशॉट खोटा ठरतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक माणसाच्या दोन ओळी ठेवाव्यात, एक रोस्टरची आणि दुसरी पंचिंगची. सूत्र दुसऱ्या ओळीवर चालवावं आणि दोन्ही जुळत नाहीत त्या चौकटीशेजारी कारण लिहावं. ‘A+2’ होतं आणि पंच ४:४० चा असेल, तर जादा वेळ एक तास चाळीस मिनिटं. पंच पाचचाच असून पगारपत्रकात तो धरला नसेल, तर टाइम ऑफिसला विचारायला नेमकी तारीख आणि नेमकी चौकट हातात असते.

विचारायला जाण्याआधी चुकलेला आकडा नीट पाहावा, कारण चूक कुठे झाली हे बहुतेक वेळा तोच सांगतो. ऑपरेटरच्या पत्रकावर २ तास आले, तर आठवड्याची मर्यादा पाहिलेली नाही. ६ आले, तर दोन्ही मर्यादा बेरजेला घेतल्या. पॅकरला शून्य मिळालं, तर फक्त आठवडा पाहिला. ७ मिळाले, तर जोडपाळीचा चढलेला अर्धा तास दोनदा मोजला. हेल्परला शून्य मिळालं, तर आठवडा सोमवारी सुरू केला. तास बरोबर असून ऑपरेटरला ८०० ऐवजी ६९३ रुपये आले, तर भागाकार २४० ने झाला, आणि ४०० आले, तर दुप्पट करायचीच राहिली. ७.५ या आकड्याला मात्र एकाहून जास्त वाटा आहेत. जेवणाच्या सुट्ट्या वजा करायच्या राहिल्या तरी पॅकरचे तेवढेच तास येतात, रजा कामात धरली तरी तेवढेच आणि मर्यादा ८ लावली तरी तेवढेच. असा आकडा आला, तर नुसती रक्कम न विचारता त्या आठवड्याचे दिवसवार तास मागावेत.